शोनेन, शोजो, सेनेन, जोसेई: मुलांसाठी मांगा घेताना या चुका टाळा

मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, कपाटासमोर उभं राहिलं की पालकांना पहिला आधार वाटतो तो या चार शब्दांचा. शोनेन म्हणजे मुलगे, शोजो म्हणजे मुली, सेनेन म्हणजे तरुण पुरुष आणि जोसेई म्हणजे स्त्रिया. मग हिशेब सोपा वाटतो: मुलगा असेल तर शोनेन, मुलगी असेल तर शोजो, बाकीचे दोन मोठ्यांचे, त्यांना हात लावायचा नाही. पण या हिशेबाने पुस्तक घेतलं तर ते चुकीचं निघण्याची शक्यता बरीच आहे.

याचं कारण जपानमध्ये मांगा कसा छापला जातो यात आहे. तिथे बहुतेक मालिका आधी मासिकात किंवा साप्ताहिकात प्रकरणाप्रकरणाने येतात आणि नंतर त्यांचे खंड निघतात. ‘वीकली शोनेन जंप’ हे 1968 पासून चालत आलेलं मुलांचं साप्ताहिक आहे. ‘नाकायोशी’ आणि ‘हाना टू युमे’ मुलींची, ‘आफ्टरनून’ आणि ‘यंग अॅनिमल’ तरुण पुरुषांची, ‘बी लव्ह’ आणि ‘किस’ स्त्रियांची. मालिका ज्या मासिकात आली त्या मासिकाचा वाचकवर्ग हेच तिचं लेबल. आपल्याकडे ‘किशोर’ मुलांचं आणि ‘माहेर’ बायकांचं असं आपण म्हणतो, तेवढाच त्याचा अर्थ. घरात आलेला ‘माहेर’चा दिवाळी अंक बाबा वाचत नाहीत असं थोडंच असतं? आणि त्यातली प्रत्येक कथा एकाच वयाला चालेल असंही कोणी म्हणत नाही.

पहिली चूक: शोनेन म्हणजे ‘मुलांना चालेल’ असं धरणं

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. वहीत नावं लिहून माणसं मारणाऱ्या मुलाची ‘डेथ नोट’ 2003 ते 2006 या काळात ‘शोनेन जंप’मध्ये आली. म्हणजे लेबल शोनेन. ‘अटॅक ऑन टायटन’ 2009 पासून ‘बेसात्सु शोनेन मॅगझिन’मध्ये आली. तीही शोनेन, आणि तिच्यात माणसांना खाणारे राक्षस सुरुवातीपासूनच पानभर दिसतात. समुद्री चाच्यांच्या धमाल साहसांची ‘वन पीस’ हीसुद्धा शोनेनच. एका लेबलखाली एवढी तफावत असेल, तर ते लेबल वयाबद्दल काहीच सांगत नाही हे उघड आहे.

याहून ठसठशीत उदाहरण ‘टू लव्ह रू’चं. ही मालिकासुद्धा ‘शोनेन जंप’मध्येच आली, 2006 ते 2009. तिच्यात मुलींच्या अंगप्रदर्शनाचे प्रसंग इतके आहेत की अमेरिकेत ती काढताना प्रकाशकाने प्रौढ वाचकांसाठीच्या ‘घोस्ट शिप’ नावाच्या वेगळ्या छापाखाली काढली. जपानमध्ये मुलांच्या साप्ताहिकात आलेली मालिका परदेशात मोठ्यांच्या कपाटात गेली. लाजरा मुलगा चुकून मुलींच्या स्नानगृहात शिरतो, अशा जातीचे विनोद शोनेनमध्ये जुने आहेत. मालिका एरवी निरुपद्रवी असली तरी ते मधूनच डोकावतात. हिंसेपेक्षा याच गोष्टीने आपल्याकडचे आईवडील जास्त दचकतात, आणि मुखपृष्ठावरून तिचा अंदाज येत नाही.

मग वय कुठे बघायचं?

इंग्रजी आवृत्तीवर प्रकाशक वयाचा शिक्का देतो. तो लेबलपासून पूर्ण वेगळा असतो आणि सहसा मलपृष्ठावर, किंमत आणि बारकोडच्या आसपास लहान अक्षरात असतो. विझ या प्रकाशकाच्या पुस्तकांवर इंग्रजी ए म्हणजे सगळ्यांसाठी, टी म्हणजे साधारण 13 च्या पुढे, टी आणि त्याला जोडून अधिकचं चिन्ह म्हणजे 16 च्या पुढे आणि एम म्हणजे 18 च्या पुढे. येन प्रेससारखे काही प्रकाशक त्यासोबत शिवीगाळ, हिंसा, नग्नता यांतलं नेमकं काय आहे तेही लिहितात. ते शब्द वयाच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचे, कारण शिव्या चालतील पण नग्नता नको, की उलट, हे घराघरावर ठरतं.

इथे एक गमतीशीर अडचण येते. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे आपल्या सवयीने जे मुखपृष्ठ वाटतं ते मलपृष्ठ असतं. सवयीप्रमाणे उघडलंत तर शेवटचं पान समोर येतं. विझच्या पुस्तकात तिथे ‘तुम्ही उलटं वाचताय’ अशा अर्थाची सूचनाही छापलेली असते. पुस्तक चाळून बघायचं असेल तर उजव्या बाजूने उघडा. घाईत उलट्या बाजूने चाळणारे पालक कथेचा कळस आधी बघतात, आणि लढाईची सगळ्यात रक्ताळलेली पानं बहुधा तिथेच असतात.

दुसरी चूक: सेनेन आणि जोसेई सरसकट बाद करणं

‘यंग अॅनिमल’ हे तरुण पुरुषांचं पाक्षिक आहे. त्याच्या मुखपृष्ठावर बऱ्याचदा बिकिनीतल्या मॉडेल असतात. ‘बर्सर्क’ ही मालिका त्यातलीच. तिच्यात लैंगिक हिंसा उघड दाखवली आहे, आणि अठराच्या आतल्या कोणाच्याही हातात ती जाऊ नये. याच पाक्षिकात 2007 पासून चिका उमिनो यांची ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ येते आहे. तिचा नायक रेई किरियामा हा 17 वर्षांचा व्यावसायिक शोगी खेळाडू. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. हा पोरका, अबोल मुलगा टोकियोत एकटा राहतो. शेजारच्या वस्तीतल्या तीन बहिणी त्याला जेवायला बोलावतात आणि हळूहळू तो त्या घरचाच होतो. पुढे त्यातल्या मधल्या बहिणीला शाळेत होणाऱ्या छळाचं जे कथानक आहे, तसं शाळेतल्या दादागिरीवर मी दुसरीकडे क्वचितच वाचलं आहे. दोन्ही सेनेन, पाक्षिक एकच, पण एक कपाटाच्या वरच्या फळीवर आणि दुसरी नववीतल्या मुलीच्या दप्तरात.

जोसेईतही तसंच. ‘चिहायाफुरु’ 2007 ते 2022 अशी ‘बी लव्ह’मध्ये आली, म्हणजे बायकांच्या मासिकात. तिच्यात आहे काय, तर शाळकरी मुलं कारुता नावाच्या पत्त्यांच्या खेळात जीव ओतून सराव करतात. शंभर जुन्या कविता पाठ असाव्या लागतात आणि पहिल्या अक्षरावर पत्ता उडवावा लागतो. खेळाच्या मालिका आवडणाऱ्या कोणत्याही मुलाला ती भावेल. इंग्रजीत ती डिजिटल स्वरूपात मिळते.

एक मालिका तर मध्येच लेबल बदलून बसली. व्हायकिंग योद्ध्यांची ‘विनलंड सागा’ 2005 मध्ये ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये सुरू झाली. दर आठवड्याला प्रकरण द्यायचा वेग लेखकाला झेपेना, म्हणून त्याच वर्षी ती ‘आफ्टरनून’ या मासिकात गेली आणि सेनेन झाली. कथा तीच, पात्रं तीच, रक्तपातही तोच.

तिसरी चूक: शोजो म्हणजे फक्त मुलींच्या प्रेमकथा

मुलगा शोजो बघत असेल तर हसू नका आणि परत ठेवायलाही लावू नका. ‘योना ऑफ द डॉन’ ही ‘हाना टू युमे’तली मालिका. राजाचा खून होतो, लाडावलेली राजकन्या महालातून पळते, धनुर्विद्या शिकते आणि सोबती गोळा करत देशभर फिरते. मुखपृष्ठ झाकून दिली तर बहुतेक मुलं तिला शोनेन म्हणतील. उलट ‘नाना’सुद्धा शोजो मासिकातली, पण तिच्या दोन्ही नायिका विशीतल्या आहेत. शारीरिक संबंध, गरोदरपण, सिगारेट, नशा हे सगळं तिच्यात आहे. मालिका उत्तम आहे, पण गुलाबी मुखपृष्ठ बघून बाराव्या वाढदिवसाला देण्याची नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा आठवीतला मुलगा आहे. टीव्हीवर राक्षसांशी लढणाऱ्या मुलाची ‘डीमन स्लेअर’ ही मालिका बघितलीय आणि आता ‘डेथ नोट’ हवीय, कारण वर्गात सगळे वाचतात. लेबल शोनेन, त्यामुळे पुस्तक हातात घेण्यापूर्वीच होकार निघतो. मलपृष्ठ बघितलं तर शिक्का 16 च्या पुढचा.

आता हा शिक्का का, ते शोधायचं. रक्त? फार नाही. नग्नता? नावापुरतीसुद्धा नाही. मग? हुशार, देखणा, परीक्षेत पहिला येणारा मुलगा एका वहीत नावं लिहून माणसं मारतो आणि आपण जग सुधारतोय असं त्याला वाटतं. दुसऱ्या खंडात तर तो एका निरपराध बाईला वहीच्या जोरावर आत्महत्या करायला लावतो. वाचकाला त्याच्याच डोक्यात बसवलेलं असल्यामुळे त्याची चलाखी बघताना मजाही येते. वयाचा शिक्का त्यासाठी आहे.

डीमन स्लेअरमध्ये मुंडकी उडतात, पण चांगलं कोण आणि वाईट कोण याचा घोळ होत नाही. म्हणून ‘त्याने त्याहून रक्तबंबाळ बघितलंय’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. माझं मत विचाराल तर चौदाव्या वर्षी घरात कोणी सोबत वाचणार असेल तर द्यावी. मुलगा सध्या खचलेला, एकटा असेल तर थांबावं. थांबायचं ठरलं तर त्याच्या हातात दुसरं काहीतरी ठेवावंच लागेल. ‘वर्गात सगळे वाचतात’ हे खरं असेल तर नुसत्या नकाराने तो वर्गातल्याच कोणाची तरी प्रत वाचणार. डोकं चालवणारी चुरस हवी असेल तर वर सांगितलेली शोगीची मालिका आहे.

चौथी चूक: पहिल्या खंडावरून सगळी मालिका ठरवणं

शिक्का प्रत्येक खंडावर वेगळा छापलेला असतो, आणि लांबलेली मालिका पुढे जड होत जाते. नायक वाढतो, तसा मूळ वाचकही वाढलेला असतो. म्हणून पहिल्यासोबत मधला एखादा आणि शेवटून दुसरा खंड दुकानात चाळावा. ‘शोनेन जंप’च्या मालिकांसाठी एक सोय आहे: ‘मांगा प्लस’ हे प्रकाशक शुएईशाचंच अॅप. त्यावर चालू मालिकांची सहसा पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट वाचता येतात. अर्ध्या तासात सुरुवात कुठे होती आणि गाडी आता कुठे आली आहे, दोन्ही कळतं.

लांबीचाही विचार करा. ‘वन पीस’चे शंभराहून जास्त खंड झाले आहेत. एकदा सुरू केली की दर वाढदिवसाला तीच मागणी. छोट्या मालिकेने सुरुवात करायची असेल तर ‘अ सायलेंट व्हॉइस’ सात खंडांत संपते. 2013-14 मध्ये ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये आलेली, म्हणजे लेबल शोनेनच, पण मारामारीची लढाई एकही नाही. सहावीत एका बहिऱ्या मुलीचा छळ केलेला मुलगा पुढे तिला शोधत जातो, एवढीच गोष्ट. तिच्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे, तेव्हा सातही खंड आधी स्वतः वाचून घ्या. दोन संध्याकाळी पुरतात.