निधी प्रवाह पत्रकात नेमका 10,000 चा फरक

खेळत्या भांडवलाची वाढ परिशिष्टात 60,000 येत होती, पत्रकात 70,000. बेरजा, घसारा, सगळं पुन्हा तपासलं. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

मग करतरतूद दिसली: 30,000 वरून 40,000. वाढ नेमकी फरकाएवढी! मी ही तरतूद परिशिष्टात चालू देणी म्हणून धरली होती आणि नफ्यातही मिळवली होती.

आधी परिशिष्टातली ती ओळ काढली. वाढ 70,000 झाली. मग तरतुदीचं खातं मांडून खात्री केली: भरलेला कर 35,000 अधिक अखेरची शिल्लक 40,000, वजा सुरुवातीची 30,000, म्हणजे यंदाची तरतूद 45,000. ती समायोजित नफ्यात मिळवलेली राहिली आणि भरलेले 35,000 निधीच्या उपयोगात. तरतूद चालू देणंच मानायची असेल, तर ती परिशिष्टातच ठेवा. या दोन्ही नोंदी मग करू नका.