तुम्ही, आपण की माणूस? चॅप्टर असा एका सुरात आणला

सवयींवरचा चॅप्टर एडिट करत होतो, त्यात सलग तीन वाक्यं अशी: ‘तुम्ही रात्री फोन घेऊन बसता. आपण म्हणतो, पाचच मिनिटं. मग माणसाला झोप लागत नाही.’ आता नक्की कोण जागं आहे!

सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवायचं ठरवलं, पण नुसतं फाइंड-रिप्लेस करून भागत नाही, कारण क्रियापदंही बदलतात, ‘म्हणतो’चं ‘म्हणता’, ‘करूया’चं ‘करा’, आणि ‘आपण’ न लिहिताच आलेलं ‘ठरवतो आणि विसरतो’ तर सर्चमध्ये सापडतच नाही, म्हणून मोठ्याने वाचत क्रियापदं तपासली. शेवटी झालं: ‘तुम्ही रात्री फोन घेऊन बसता, पाचच मिनिटं म्हणता, आणि मग झोप लागत नाही.’

जिथे ‘तुम्ही आळस करता’ असं टोचायला लागलं तिथे परत ‘आपण’ नाही आणलं, ‘आळस येतो’ केलं. लेखकाच्या स्वतःच्या किश्श्यातला ‘मी’ मात्र तसाच ठेवला.