नोटीस पिरियडमध्ये ऑपरेशन करायचंय? शेवटची तारीख सरकू नये म्हणून या चुका टाळा

राजीनामा मंजूर झाला, शेवटचा दिवस ठरला, नव्या कंपनीला जॉइनिंगची तारीखही कळवली. आणि नेमकं त्याच वेळी पोट दुखायला लागतं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघतात, सर्जन म्हणतात की महिन्याभरात काढून टाकू. नाशिक भागातल्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या कंपन्यांमध्ये एचआरचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींपुढे अशी केस दर काही महिन्यांनी येते. ऑपरेशन सुरळीत पार पडतं, पण तारखा आणि कागद यांत काहीतरी चुकतं आणि माणूस रिलिव्हिंग लेटरसाठी हेलपाटे घालत बसतो. म्हणून एकच केस नीट उलगडून सांगतो.

समजा, अंबडमधला एक क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पगार ३६,००० रुपये. १ जूनपासून ६० दिवसांचा नोटीस पिरियड, म्हणजे शेवटचा दिवस ३० जुलै, गुरुवार. नव्या कंपनीत सोमवारी, ३ ऑगस्टला हजर व्हायचंय. ८ जूनला सोनोग्राफी झाली. सर्जनकडे दोन तारखा मोकळ्या आहेत, २२ जून आणि २० जुलै.

"आधी तिकडे जॉइन हो, मग बघू"

घरातले आणि मित्र हा सल्ला मनापासून देतात, पण यात सगळ्यात मोठी जोखीम आहे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बहुतेक वेळा पित्ताशयातले खडे, हर्निया अशा आजारांना वेटिंग पिरियड नसतो. स्वतः नव्याने घेतलेल्या पॉलिसीत याच आजारांना साधारणपणे दोन वर्षं थांबावं लागतं. ग्रुप मेडिक्लेमचं कव्हर तर बहुतेक कंपन्यांत शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं. नव्या कंपनीत कव्हर कोणत्या दिवसापासून सुरू होतं, नाव यादीत कधी चढतं, हे जॉइन होण्याआधी खात्रीने कुणी सांगत नाही. शिवाय तिथे प्रोबेशनमध्ये खात्यावर रजा जवळपास नसतात.

मध्येच त्रास वाढला तर तो थांबत नाही, हेही लक्षात घ्या. ताप, डोळे पिवळे होणं, तासन् तास न थांबणारी कळ, यांपैकी काहीही दिसलं तर तारखांचा विचार बाजूला ठेवून सरळ ॲडमिट व्हा. अशा वेळी घरच्यांनी २४ तासांच्या आत मेडिक्लेमचे क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला आणि त्याच दिवशी साहेबांना कळवलं की पुढचं निस्तरता येतं.

उशिराची तारीख घेणं

आपल्या इन्स्पेक्टरला २० जुलै सोयीची वाटते. तोवर हँडओव्हर होईल, मग ऑपरेशन, मग निरोप. कागदावर हे छान दिसतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात आणि बसून करायच्या कामावर साधारण आठवड्याभरात परतता येतं. म्हणजे २० ला ऑपरेशन केलं तर २८-२९ जुलैला तो कंपनीत येईल आणि हातात दोन दिवस उरतील. पण दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन कधीकधी पोट उघडून पूर्ण करावं लागतं. तसं झालं तर विश्रांती आठवड्यावरून चार-सहा आठवड्यांवर जाते. शुगर वाढलेली निघाली किंवा भूलतज्ज्ञांनी आणखी एक तपासणी सांगितली तरी तारीख आठवडाभर पुढे जाते. मग ऑपरेशनच ३० जुलैच्या पलीकडे जाण्याची भीती, आणि कव्हर तर ३० ला संपतंय.

म्हणून माझा आग्रह २२ जूनचा. नोटीस पिरियडच्या पहिल्या अर्ध्यात ऑपरेशन झालं की काही बिघडलं तरी सावरायला जुलै महिना पूर्ण राहतो, आणि उरलेली बिलंही कव्हर चालू असतानाच लागतात. फक्त एक करा. २२ तारखेच्या आधीच्या आठवड्यात हँडओव्हरची पहिली फेरी उरकून टाका. गेजच्या कॅलिब्रेशनची यादी, चालू तक्रारींची फाइल, कोणत्या ग्राहकाकडे काय अडकलंय, एवढं जरी लिहून दिलं तरी साहेबांचा निम्मा विरोध मावळतो.

रजेचा अर्ज पोर्टलवर टाकून मोकळं होणं

खरं नुकसान होतं ते इथे. अनेक कंपन्यांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक ओळ असते, की नोटीस पिरियडमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस नोटीस पुढे वाढेल. एचआरचं सॉफ्टवेअर ही ओळ डोळे मिटून पाळतं. आठ दिवसांची रजा टाकली की शेवटची तारीख ३० जुलैवरून आठ कामाचे दिवस पुढे, म्हणजे ८ ऑगस्टला जाते, आणि कर्मचाऱ्याला ते शेवटच्या आठवड्यात कळतं. नव्या कंपनीची ३ ऑगस्ट मग गेलीच.

त्यामुळे पोर्टलवर हात लावण्याआधी मेल करा. मेल साहेबांना आणि एचआरला एकत्रच जाऊ दे. त्यात ऑपरेशनची तारीख, किती दिवस लागतील, सर्जनची चिठ्ठी, हँडओव्हर कुणाकडे दिलाय हे लिहा, आणि शेवटी स्पष्ट विचारा: "या वैद्यकीय रजेमुळे माझा नोटीस पिरियड वाढणार नाही आणि शेवटचा कामाचा दिवस ३० जुलै हाच राहील, हे कृपया याच मेलवर कळवावे." केबिनमध्ये "अरे, काही प्रॉब्लेम नाही" म्हणणारे साहेब जुलैत बदलीवर गेले तर त्या शब्दाला कुणी वाली राहत नाही. उत्तर मेलवर आलं पाहिजे.

कंपनी सरळ "नाही" म्हणाली तर? मग वाढणारे दिवस पैसे भरून सोडवता येतील का, किंवा शेवटचा आठवडा घरून काम चालेल का, हे त्याच मेलमध्ये विचारा. बायआउटची ही रक्कम बेसिकवर धरणार की ग्रॉसवर, हेही तेव्हाच लिहून घ्या, कारण दोन्हींत बराच फरक पडतो.

रजेचे प्रकार न पाहणं

२२ जून सोमवार ते ३० जून मंगळवार, रविवार वगळून आठ कामाचे दिवस होतात. खात्यावर आहेत चार आजारपणाच्या रजा, दोन कॅज्युअल आणि बऱ्याचशा पीएल, म्हणजे साठलेल्या भरपगारी रजा. बहुतेक कंपन्या नोटीस पिरियडमध्ये पीएल देत नाहीत. आजारपणाची रजा मात्र सर्टिफिकेटवर सहसा मिळते. म्हणून आधी चार आजारपणाच्या, मग दोन कॅज्युअल लावा आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी पीएलची खास मंजुरी मागा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आणि दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा धरलेली आहे. तो कायदा लागू असेल तर आपल्या खात्यावरचे आकडे त्याच्याशी एकदा ताडून पाहा.

मंजुरी नाही मिळाली तर दोन दिवस बिनपगारी होतील. ३० दिवसांच्या हिशेबाने ते २,४०० रुपये. इथवर ठीक. पण काही ठिकाणी बिनपगारी दिवस "नोटीस पूर्ण केली नाही" या खात्यातही पडतात आणि फुल अँड फायनलच्या शेवटच्या हिशेबात तेच २,४०० दुसऱ्यांदा कापले जातात. एकाच दोन दिवसांची दोनदा वजावट. मेलमध्ये हे दोन दिवस नोटीसमध्ये धरले जातील, असं लिहून घेतलेलं असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

कॅशलेस गृहीत धरणं

राजीनामा दिलेल्या माणसाचं नाव पुढच्या यादीतून वेळेआधीच काढलं गेलंय, असंही होतं. जाणूनबुजून कुणी करत नाही, पण होतं. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी टीपीएच्या हेल्पलाइनला फोन करून ई-कार्ड चालू आहे का आणि कव्हर कोणत्या तारखेपर्यंत आहे ते विचारा. मुंबई नाका असो की गंगापूर रोड, निवडलेलं हॉस्पिटल तुमच्याच टीपीएच्या नेटवर्कमध्ये आहे ना, हे हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर स्वतः जाऊन पाहा. ठरलेल्या ऑपरेशनची पूर्वमंजुरी दोन-तीन दिवस आधी मागावी लागते. सोनोग्राफी रिपोर्ट, सर्जनची चिठ्ठी, आधार आणि कंपनीचं ओळखपत्र त्यासाठी हाताशी ठेवा.

आणि टीपीएकडे नोंदलेला ईमेल बदला. तो बहुधा ऑफिसचा असतो. ३० जुलैला तो बंद झाला की क्लेमवरची शंका, ओटीपी, मंजुरीचं पत्र सगळं तिकडेच अडकतं. काढलेल्या पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तपासणीच्या फेऱ्याही होतात. ती बिलं रिएम्बर्समेंटला टाकायची असतात. जुलैच्या मध्यापर्यंत ती टाकून झाली पाहिजेत.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांचं गणित वेगळं. ते ईएसआय या कामगार विमा योजनेत येतात, सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमधून उपचार घेऊ शकतात आणि हक्क आधी भरलेल्या वर्गणीवर ठरत असल्याने नोकरी सुटल्या दिवशी लगेच दार बंद होत नाही. मात्र आजारपणाचा भत्ता हवा असेल तर सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचंच लागतं.

"आठ दिवस विश्रांती" एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट

डॉक्टर घाईत असतात, तसंच लिहून देतात. कोणत्या तारखेपासून आठ दिवस? पेरोलवाला डिस्चार्जपासून धरतो, तुम्ही ॲडमिशनपासून धरलेले असता, आणि दोन दिवस गैरहजर म्हणून लागतात. सर्टिफिकेटवर "२२ जून ते ३० जून विश्रांती, १ जुलैपासून कामावर येण्यास योग्य" अशा तारखा हव्यात आणि त्या डिस्चार्ज कार्डाशी जुळायला हव्यात. टाके तपासायला बोलावतात त्याच दिवशी फिटनेस सर्टिफिकेट मागून घ्या. १ जुलैला सकाळी गेटवर उभं राहून सर्टिफिकेटचा फोटो मागवण्यात पहिला दिवस अर्धा जातो.

शॉप फ्लोअरवर काम असेल तर "वजन उचलू नये" ही ओळही त्यावर लिहून घ्या, साधारण महिनाभरासाठी. ती नसेल तर सुपरवायझर पहिल्याच दिवशी जड पेटी हलवायला सांगेल आणि पोटावर ताण येऊन पुन्हा रजा घ्यायची वेळ येईल. सिडकोतून अंबडला दुचाकीने येणाऱ्यांनी पहिला आठवडा बस किंवा रिक्षा धरावी. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत ताज्या टाक्यांना बसणारे हिसके चांगले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात न तपासणं

२४ जुलैच्या सुमारास पोर्टल उघडून शेवटची तारीख खरंच ३० जुलै दिसतेय का ते पाहा. हजेरीच्या पानावर २२ ते ३० जूनचे आठही दिवस रजा म्हणून मंजूर दिसले पाहिजेत. एखादा दिवस "गैरहजर" दिसला तर तोच मेल फॉरवर्ड करा, नवा लिहू नका, म्हणजे साखळी तुटत नाही. फुल अँड फायनलचा मसुदा हातात आला की बिनपगारी आणि नोटीस वसुली या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवून वाचा. दोन्हीत रक्कम दिसली तर सही करण्याआधी विचारा. पैसे खात्यावर जमा झाल्यावर दुरुस्तीला महिना जातो.