प्लॉटच्या जाहिरातीत एआयचा फोटो टाकता? या चुका टाळा

आमच्याकडं मे महिन्यात ले-आउटचा फोटो काढला तर काय दिसतं, काळी भेगाळलेली माती, चुना टाकून आखलेले प्लॉट, दोन-चार बाभळी अन् मागं पांदण. असा फोटो व्हॉट्सॅपवर टाकला तर फोन येत नाहीत, म्हणून एजंट लोक तो एआयमध्ये टाकून हिरवा करून घेतात. मी तालुक्याच्या गावी बॅनर अन् जाहिराती करतो, मीही केलंय. एका ले-आउटचा फोटो दिला, लिहिलं की "सुंदर अन् हिरवंगार कर", आलेलं चित्र छान वाटलं, नीट न पाहताच पाठवलं. पंधरा दिवसांनी एक कुटुंब नागपूरहून गाडी करून आलं, सोबतचे आजोबा म्हणाले, "थे तळं कुठी हाय जी?" तळं नव्हतंच. नाला होता, उन्हाळ्यात कोरडा, एआयनं त्यात पाणी भरलं होतं, काठावर बाकंही ठेवली होती.

घरी येऊन मूळ फोटो अन् चित्र मोबाईलवर एकामागं एक सरकवून पाहिले तेव्हा बाकीचं कळलं. ले-आउटच्या कडेनं जाणाऱ्या हायटेंशन लाईनचा टॉवर गायब, शेजारची जिनिंगची भिंत गायब, अन् आपल्या सपाट भागात मागं निळे डोंगर. आतला 9 मीटरचा रस्ता चारपदरी वाटत होता. मी यातलं काहीच मागितलं नव्हतं. "सुंदर" म्हटलं की एआय तारा, खांब, नाला, कचरा असलं सगळं काढून टाकतं, कारण त्याला ते फोटोतलं नको असलेलं सामान वाटतं. घेणाऱ्यासाठी मात्र तीच मुख्य माहिती असते, लाईनखाली बांधकामाला परवानगी मिळत नाही, बाजूलाही अंतर सोडावं लागतं.

पहिली चूक: लेबल लावलं म्हणजे काहीही चालतं असं समजणं

नाही चालत. "काल्पनिक चित्र" लिहून टॉवर पुसला तरी तो पुसलेलाच राहतो, वाचणाऱ्याला कसं कळणार की नेमकं काय काल्पनिक आहे? माझा आता साधा नियम आहे. उजेड वाढवणं, वाकडा फोटो सरळ करणं, ठीक. जे आज आहे ते काढायचं नाही. जे पुढं होणार आहे, झाडं, गेट, पेव्हर ब्लॉक, ते मंजूर नकाशात किंवा करारात असेल तरच दाखवायचं अन् वर लिहायचं. जे कधीच होणार नाही, तळं, डोंगर, ते टाकायचंच नाही.

तयार घराचंही तसंच. करारात 2 बाय 2 ची व्हिट्रिफाइड टाइल असेल तर चित्रात संगमरवर नको, अन् खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसत असेल तर तिथं संत्र्याचा बगीचा नको.

दुसरी चूक: लेबल नको तिथं लावणं

मी सुरुवातीला खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "एआय" एवढंच टाकायचो. स्टेटसला फोटो लावताना कडा कापल्या जातात, कोपरा आधी जातो. फाईलमध्ये लपलेली माहिती व्हॉट्सॅपवरून फोटो गेला की बहुतेक निघून जाते, तिच्यावर भरवसा नको. कॅप्शनमध्ये लिहिलं तर फॉरवर्ड करणारा ते सोडून देतो. म्हणून लेबल चित्रातच, वरच्या मध्यभागाजवळ, गडद पट्टीवर पांढऱ्या ठळक मराठीत: "एआयनं बनवलेलं चित्र. झाडं व गेट पुढं होणार, आज नाहीत." अन् त्याच फोटोत खाली अर्ध्या भागात मूळ फोटो, "आजची जागा, 14 मे" असं तारखेसह. दोन्ही एकाच फाईलमध्ये जोडलेले, मग वेगळे होत नाहीत. पाठवायच्या आधी स्वतःच्याच स्टेटसला लावून हातभर लांबून वाचून पाहतो.

तिसरी चूक: "नुसता व्हॉट्सॅपचा फोटो आहे" म्हणणं

रेरा कायदा 2016 चा, त्यात जाहिरात म्हणजे कुठल्याही माध्यमातली. 500 चौरस मीटरच्या वरचा प्लॉटचा ले-आउट नोंदणीत येतो. कलम 12 सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले अन् नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, अन् त्याला सौदा सोडायचा असेल तर पूर्ण रक्कम व्याजासकट परत. कलम 10 मध्ये एजंटलाही खोटं सांगायला मनाई आहे. जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक अन् महारेराच्या वेबसाइटचा पत्ताही लागतो, तो एआयच्या चित्रात लिहायला लावू नका, आकडे चुकतात, नंतर स्वतः टाइप करा.

त्या ले-आउटची जाहिरात मी पुन्हा केली, वरच्या चित्रात टॉवर, भिंत अन् कोरडा नाला जसेच्या तसे ठेवून. मालक म्हणाले, "भाऊ, टॉवर पाहून कोणी येईन काय?" फोन कमी आले खरे, पण जे आले त्यांनी आधीच विचारलं की लाईनपासून लांबचे प्लॉट कोणते, अन् त्यांना तेच दाखवले.