अ‍ॅपचं नाव प्रत्येक भाषेत वेगळं ऐकू येत होतं: माझा अनुभव

अ‍ॅपसाठी `Strelvo` हे नाव बनवलं होतं. स्पॅनिश भाषक त्याला 'एस्त्रेल्बो' म्हणायचे, जपानी 'सुतोरेरुबो'. स्पेलिंग बदललं, उच्चार लिहून दिला. वैताग तेवढा वाढला.

शेवटी आधी जोडाक्षरं काढली. मग अडणारे आवाज गाळले: जपानीत र-ल वेगळे नाहीत, अरबीत प नाही, स्पॅनिशमध्ये व चा ब होतो. उरलेल्या म, न, क मधून `Kanumi` केलं, पण इंग्रजीवाले 'कॅन्यूमी' वाचू लागले. म्हणून u काढून `Mikana`.

चाचणी उलटसुलट घ्या: एकाला फक्त स्पेलिंग दाखवून उच्चार रेकॉर्ड करा, तो दुसऱ्या भाषकाला ऐकवून लिहायला सांगा. तेच स्पेलिंग परत आलं, तर नाव पास. अर्थ मात्र प्रत्येक भाषेत वेगळा तपासावा लागतो.