लॉट आधी बघा, मग बाकीचं

ही यादी निफ्टीचे ऑप्शन विकत घेणाऱ्यांसाठी आहे. विकणाऱ्यांचं गणित मार्जिनचं असतं, ते इथे नाही. डिमॅट, फंड ट्रान्सफर, चार्ट यांवरही मी बोलणार नाही. तिथपर्यंत तुम्ही पोचलेले असणार. प्रश्न एवढाच की एका सौद्यात अमुक रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत असं ठरवलंय, पण माल सुटा मिळत नाही, अख्खा लॉट घ्यावा लागतो. मग ठरवलेल्या रकमेत तो बसवायचा कसा?

पहिलं काम, बाकी काही करायच्या आधी: ज्या कॉन्ट्रॅक्टचा सौदा करणार आहात त्याचा लॉट किती आहे ते आज, आत्ता, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "निफ्टीचा लॉट किती" हे नाही बघायचं. त्या स्ट्राइकच्या, त्या एक्स्पायरीच्या कॉन्ट्रॅक्टचा लॉट बघायचा. हा फरक मला 2024 च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत समजला, आणि फुकट नाही समजला.

सेबीने 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात इंडेक्स कॉन्ट्रॅक्टचं किमान मूल्य 15 लाख केलं आणि निफ्टीचा लॉट 25 वरून 75 होणार हे जाहीर झालं. मी वाचलं होतं. घरी दोघातिघांना समजावूनही सांगितलं होतं. पण जुनी कॉन्ट्रॅक्ट जुन्याच लॉटवर संपायची होती, त्यामुळे 26 डिसेंबरच्या एक्स्पायरीपर्यंत माझा रोजचा व्यवहार 25 नेच चालला. पुढच्या आठवड्याचं, म्हणजे 2 जानेवारीचं कॉन्ट्रॅक्ट 75 चं होतं. माझ्या शीटमध्ये मात्र 25 हा आकडा थेट सूत्रातच कोंबलेला होता. मर्यादा 3,000 रुपये, स्टॉपलॉस 50 अंकांचा, म्हणजे एका लॉटमागे 1,250. भागाकार 2.4, म्हणून दोन लॉट. ॲपमध्ये लॉटच्या चौकटीत 2 टाकलं आणि बटण दाबलं. स्टॉपलॉस लागला तेव्हा 2,500 जायला हवे होते, गेले 7,500. खरं गणित केलं असतं तर एका लॉटचाच धोका 3,750 निघाला असता, म्हणजे उत्तर शून्य होतं. जो सौदा मी करायलाच नको होता, तो मी दुप्पट केला.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ऑर्डरच्या खिडकीत सगळं लिहिलेलं होतं. प्रीमियम 140 च्या आसपास होता. 50 नगांना 7,000 लागायला हवे होते, खिडकी 21,000 मागत होती. खात्यात पैसे होते, म्हणून मी त्या आकड्याकडे बघितलंच नाही. तेव्हा दुसरी सवय ही: लागणारी रक्कम भागिले प्रीमियम करा. येईल ती खरी नगसंख्या. ती तुमच्या शीटशी जुळली नाही तर बटणावरचं बोट काढा.

"आता तर 65 आहे, सगळ्यांना माहीत आहे," असं म्हणू नका. 2021 मध्ये 75 चे 50 झाले, 2024 च्या एप्रिलमध्ये 25, वर्ष संपायच्या आत परत 75, आणि 2026 च्या जानेवारीपासून 65. हा आकडा पुन्हा बदलेल. इंडेक्स वर-खाली गेला की कॉन्ट्रॅक्टचं मूल्य ठरलेल्या पट्ट्याबाहेर जातं आणि एक्स्चेंज लॉट बदलतं. बदलाच्या दिवसांत एकाच निफ्टीची दोन एक्स्पायऱ्यांची कॉन्ट्रॅक्ट वेगवेगळ्या लॉटची असू शकतात. म्हणून म्हणतो, निफ्टीचा लॉट नाही, कॉन्ट्रॅक्टचा लॉट.

आता शीट. लॉट सूत्रात लिहायचा नाही, त्याला स्वतःचा रकाना द्यायचा आणि रोज संध्याकाळी तो रिकामा करायचा, म्हणजे सकाळी भरावाच लागतो. पण रिकामा ठेवण्यात एक खड्डा आहे. रिकामा रकाना म्हणजे शून्य, आणि शून्याने गुणलं की धोकाच नाहीसा होतो. उरतो फक्त खर्च, आणि शीट तुम्हाला खुशाल पंधरा लॉट घ्यायला सांगते. म्हणून अट घाला:

```
=IF(C2="","लॉट लिहा",ROUNDDOWN(A2/(B2*C2+D2),0))
```

A2 मध्ये मर्यादेचे रुपये, B2 मध्ये ऑप्शन किती अंकांनी पडू द्यायचा ते, C2 मध्ये लॉट, D2 मध्ये एका लॉटचा खर्च. मी D2 ला 200 धरतो. ब्रोकरेज, कर वगैरे मिळून साधारण सत्तर, आणि विकताना भाव एक-दोन अंक खालचाच मिळतो त्याचे बाकीचे. आणि ROUNDDOWN, ROUND नाही. 1.84 चे दोन करायचा मोह रोज होतो, आणि नेमके तेच दोन करून ठरवलेली मर्यादा मोडते.

खरं डोकं लावायचं ते B2 मध्ये. तिथे मनाला येईल तो आकडा टाकायचा नाही. आधी चार्टवर ठरवायचं की निफ्टी कुठे गेला तर आपण चुकलो. समजा ती जागा आताच्या भावापासून 80 अंक खाली आहे आणि तुम्ही जवळच्या स्ट्राइकचा कॉल घेताय, डेल्टा साधारण 0.5. म्हणजे ऑप्शन अंदाजे 40 अंक पडेल. 40 गुणिले 65 म्हणजे 2,600, खर्चासकट 2,800. मर्यादा 3,000 (तीन लाखांच्या भांडवलावर एक टक्का). एक लॉट बसतो. घ्या.

आता समजा चुकण्याची जागा 120 अंक दूर आहे. ऑप्शन 60 पडेल, 3,900 अधिक 200, म्हणजे 4,100. भागाकार 0.73, उत्तर शून्य. इथे माणूस काय करतो? ऑप्शनचा स्टॉपलॉस 60 वरून 43 अंकांवर ओढतो, म्हणजे आकडा बसतो. असं करू नका. तुमची चुकण्याची जागा 120 अंकांवर होती, ती लॉटच्या सोयीसाठी सरकत नाही. 43 वर ठेवलेला स्टॉपलॉस नुसत्या हेलकाव्यात लागतो, आणि मग निफ्टी तुम्ही म्हणाला होतात तिकडेच जातो. कपडा कमी पडला म्हणून मापच बदलल्यासारखं आहे हे.

प्रामाणिक वाटा तीन. पहिली, सौदा सोडायचा. शून्य हेही उत्तर आहे. दुसरी, लांबची स्ट्राइक घ्यायची. डेल्टा 0.3 असेल तर तेच 120 अंक ऑप्शनमध्ये 36 होतात, 2,340 अधिक 200, बसतं. पण निफ्टी वर गेला तरी हा ऑप्शन मंद हलतो आणि रोज झिजतो. एक्स्पायरी मंगळवारी असते, तेव्हा सोमवारी दुपारी लांबची स्ट्राइक घेऊन डेल्टाचं गणित मांडू नका. त्या वेळी निफ्टी जागेवर उभा राहिला तरी प्रीमियम पडतो, आणि या गणितात ते धरलेलंच नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, स्प्रेडची. एक कॉल घ्यायचा आणि त्याच्या 100 अंक वरचा विकायचा. दोन्हींच्या प्रीमियममधला फरक 40 अंकांचा पडला तर जास्तीत जास्त 2,600 जातील, अधिक दोन पायांचा खर्च. तो जवळपास दुप्पट धरा, तरी 3,000 मध्ये बसतं. वरचा फायदा 60 अंकांवर थांबतो, हे खरं. पण ही 2,600 ची भिंत स्टॉपलॉसवर उभी नाही. रात्रीतून बाजार पडून उघडला तरी ती हलत नाही. घेताना आधी खरेदीचा पाय, मग विक्रीचा. बाहेर पडताना उलटं.

रात्रीवरून आठवलं. पोझिशन घरी न्यायची असेल आणि स्प्रेड नसेल, तर B2 मध्ये स्टॉपलॉसचे अंक नाही, अख्खा प्रीमियम लिहायचा. सकाळी भाव तुमच्या स्टॉपलॉसच्या खालीच उघडला तर तो स्टॉपलॉस कसला? 65 चा लॉट आणि 3,000 ची मर्यादा, खर्च वजा करून 43 अंक. त्याहून महाग ऑप्शन एकटा रात्रभर ठेवायचा नाही. हीच मर्यादा 75 च्या लॉटला 37 अंक होते आणि 25 ला 112. एकच माणूस, तेच तीन हजार, आणि लॉट बघितला नाही तर कुठल्या ऑप्शनला हात लावायचा हेच चुकतं. परत सांगितलं, माहीत आहे.

स्टॉपलॉस ऑर्डर टाकताना एक बघा. एनएसईवर ऑप्शनला मार्केट स्टॉपलॉस चालत नाही, ट्रिगर आणि लिमिट दोन्ही द्यावे लागतात. दोन्ही एकच ठेवलेत आणि भाव उडी मारून खाली गेला, तर ऑर्डर तशीच लटकते आणि तुम्ही बघत बसता. तीन-चार अंकांची जागा ठेवा आणि ते अंक B2 मध्ये मिळवा. वरच्या 2,800 च्या उदाहरणात हे तीन अंक घातले की 2,995 होतात. जेमतेम बसतं, पण बसतं.

सेन्सेक्सचा लॉट 20 चा म्हणून तिकडे पळू नका. अर्ध्या टक्क्याची हालचाल तिथे चारशेच्या आसपास अंक असते. अर्धा डेल्टा, दोनशे गुणिले वीस, चार हजार. कॉन्ट्रॅक्टचं मूल्य दोन्हीकडे त्याच पट्ट्यात बांधलंय, लॉटचा आकडा लहान दिसतो इतकंच. बँक निफ्टीला साप्ताहिक एक्स्पायरीच नाही, महिन्याचा प्रीमियम तीन हजारांत स्टॉपलॉसशिवाय बसायचा नाही.

एकच लॉट असेल तर अर्धा विकून अर्धा ठेवता येत नाही. "थोडा नफा काढून घेऊ" हा बेत दोन लॉट झाल्यावर करा.

बाकी नेहमीचं. सौदा झाल्यावर पोझिशनच्या पानावर नगसंख्या वाचा, 65 आहे का. बिल आलं की खर्च D2 शी ताडून बघा. संध्याकाळी C2 रिकामा करा.