चर्चेतून विषयवार प्रश्नोत्तरांचं पान बनवताय? या चुका टाळा

लांबलेली चर्चा आवरून तिचं प्रश्नोत्तरांचं पान करायचं ठरलं, की पहिला मोह कॉपी-पेस्टचा होतो. प्रश्न उचलायचा, खालचं बरं दिसणारं उत्तर उचलायचं, दहा-बारा जोड्या झाल्या की वर शीर्षक द्यायचं. असं पान तासाभरात तयार होतं. पण लोक ते वाचून पुन्हा तोच प्रश्न विचारायला येतात. नेमकं कुठे बिनसतं, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर बिघडते, या विषयावर 84 प्रतिसादांची चर्चा साठली आहे. त्यातले 31 प्रतिसाद काही ना काही विचारणारे आहेत. बाकीचे उत्तरं, उपउत्तरं, आभार आणि "मलाही हाच त्रास" या प्रकारचे. यातून पान करायचं आहे.

शब्द सारखे म्हणून प्रश्न एकच, असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चर्चेत चार जणांनी लिहिलंय, "मराठी अक्षरं बिघडली." चौघांचा मिळून एक प्रश्न करावासा वाटतो. पण तपशील वाचले तर दोघांच्या फाइलमध्ये `à¤®à¤°` असं काहीतरी दिसतंय आणि दोघांच्या फाइलमध्ये `????` दिसतंय. हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिल्या प्रकारात फाइल शाबूत असते. ती यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत आहे, पण दोनदा क्लिक करून उघडल्यावर एक्सेलने ती जुन्या एन्कोडिंगमध्ये वाचली. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. ते तीन बाइट सुटे वाचले गेले, म्हणून 'म'च्या जागी तीन परकी चिन्हं दिसतात. फाइल न साठवता बंद करा, नीट मार्गाने उघडा, सगळं परत दिसतं. दुसऱ्या प्रकारात कुणीतरी फाइल साध्या सीएसव्ही प्रकारात साठवून टाकलेली असते. त्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं. मूळ अक्षर आता फाइलमध्ये कुठेच नाही. ती फाइल कितीही वेळा वेगळ्या तऱ्हेने उघडली तरी उपयोग नाही, मूळ प्रत शोधावी लागते.

दोन्ही प्रश्न एकात कोंबले, तर प्रश्नचिन्हवाला माणूस पानावरचे टप्पे पुनःपुन्हा करत बसतो आणि शेवटी पानालाच चुकीचं ठरवतो.

याला एक सोपी कसोटी आहे: उत्तरांची अदलाबदल करून पाहायची. पहिल्याला दिलेलं उत्तर दुसऱ्याला दिलं तर त्याचं काम होईल का? होत असेल तर प्रश्न एक, मग शब्द कितीही वेगळे असोत. होत नसेल तर प्रश्न दोन, मग शब्द अगदी सारखे असले तरी.

हीच कसोटी उलट्या बाजूनेही कामाला येते. "मोबाइल क्रमांकाचं पुढचं शून्य गेलं", "खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य झाला", "क्रमांकाच्या जागी 1.23457E+15 दिसतंय" या तीन तक्रारी तीन जणांच्या आहेत आणि ऐकायला वेगळ्या वाटतात. कारण एकच आहे: एक्सेल तो मजकूर संख्या समजून वाचतं. संख्येच्या पुढच्या शून्याला अर्थ नसतो आणि एक्सेल संख्येचे 15 अंकच जपतं, म्हणून 16 वा अंक शून्य होतो. तिघांनाही एकच उत्तर पुरतं. मात्र पानावर प्रश्न लिहिताना तिन्ही तक्रारींचे शब्द प्रश्नात किंवा उत्तराच्या पहिल्या ओळीत यायला हवेत. शेवटचा आकडा हरवलेला माणूस "पुढचं शून्य" शोधत येणार नाही.

विषयांची नावं कारणांवरून ठेवणं

आता गट पाडायचे. उत्तरं ठाऊक असलेला माणूस सहज "एन्कोडिंग", "डेटा प्रकार", "प्रादेशिक सेटिंग" अशी नावं देतो. तर्काला धरून आहेत, पण वाचणाऱ्याला ती कळत नाहीत. एन्कोडिंगमुळे बिघडलंय हे त्याला माहीत असतं, तर त्याने विचारलंच नसतं. त्याच्याकडे असतं ते फक्त समोर दिसणारं लक्षण. म्हणून गट लक्षणांवरून पाडा आणि कारण उत्तरात सांगा. आपल्या उदाहरणात तीन गट पुरतात: "अक्षरं वाचता येत नाहीत", "आकडे किंवा तारखा बदलल्या" आणि "फाइल दुसऱ्याला पाठवण्याआधी".

"इतर" हा गट ठेवायला हरकत नाही, पण त्याच्यावर नजर ठेवा. त्यात तीन-चार प्रश्न जमले, की बहुधा त्यांच्यात एक न ओळखलेला विषय दडलेला असतो. आपल्याकडचा तिसरा गट असाच निघाला आहे. "साठवताना कोणता प्रकार निवडू?", "समोरच्याकडे उघडत नाही" हे प्रश्न आधी सुटे-सुटे पडले होते.

पहिलं किंवा सर्वांत जास्त पसंतीचं उत्तर उचलणं

चर्चेत चुकीचं उत्तर लवकर येतं, कारण ते सोपं असतं. गेलेल्या शून्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, "कॉलम निवडा, फॉरमॅट टेक्स्ट करा." त्याला पसंतीही भरपूर मिळते. पण फाइल उघडताक्षणीच शून्य गेलेलं असतं. नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाही, पुढे टाइप कराल ते मात्र टिकतं. वीसेक प्रतिसादांनंतर कुणीतरी ही चूक दाखवलेली असते. तिथवर वाचायला कुणी थांबत नाही, पण पान करणाऱ्याने थांबायलाच हवं.

म्हणून उचलण्याआधी तीन गोष्टी पाहा. त्या उत्तराखाली पुढे कुणी दुरुस्ती केली आहे का? विचारणाऱ्यानेच "झालं" म्हटलंय, की तिसऱ्याच कुणी "छान माहिती" म्हटलंय? आणि तुम्ही स्वतः करून पाहिलं का? तिसरी गोष्ट टाळू नका. पाच ओळींची चाचणी फाइल बनवा. एका कॉलमात मराठी नाव, एकात 00 ने सुरू होणारा क्रमांक, एकात 16 अंकी क्रमांक, एकात तारीख. प्रत्येक उत्तर तिच्यावर चालवून पाहा.

तारखेचा प्रश्न तर या फाइलशिवाय सुटतच नाही. फाइलमध्ये दिवस आधी आणि संगणकाची सेटिंग महिना आधी धरणारी असेल, तर 05/04 मुकाट्याने 4 मे होते, पण 25/04 तशीच मजकूर म्हणून राहते, कारण 25 वा महिना नसतो. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसतात. हे लक्षण पानावर लिहिलंत, तर वाचणारा तीन सेकंदांत स्वतःच ओळखेल. चर्चेतल्या "तारखा गंडल्यात" या वाक्यातून ते कधीच कळणार नाही.

पसंतीचं चुकीचं उत्तर टाकूनही देऊ नका. योग्य उत्तराखाली एक ओळ लिहा: "उघडून झाल्यावर फॉरमॅट टेक्स्ट केल्याने गेलेलं शून्य परत येत नाही." नाहीतर कुणीतरी ते उत्तर पुन्हा सुचवणार, हे नक्की.

उत्तराचा आगापीछा गळणं

चर्चेतली उत्तरं आजूबाजूच्या आधाराने उभी असतात. "वर म्हटलंय तसं करा", "तुमच्या व्हर्जनला चालेल", "दुसरा पर्याय निवडा" ही वाक्यं जागेवरून हलवली की लंगडी होतात. पानावर माणूस थेट एका प्रश्नावर येतो, त्याने वरचं काही वाचलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक उत्तर एकटं वाचून पुरेसं आहे का, हे तपासा.

आपल्या उदाहरणातल्या एका उत्तराचं आधीचं रूप असं: "डेटामधून इम्पोर्ट करा, तिथे 65001 निवडा." नंतरचं रूप असं हवं:

"फाइलवर दोनदा क्लिक करू नका. रिकामी वर्कबुक उघडा आणि Data टॅबमध्ये From Text/CSV निवडून फाइल दाखवा. झलक दिसली की File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) निवडा. पुढची शून्यं किंवा लांब क्रमांक जपायचे असतील, तर Data Type Detection मध्ये Do not detect data types निवडा. मग Load. यानंतर सगळेच कॉलम मजकूर म्हणून येतील. ज्या रकमांची बेरीज करायची आहे, त्यांचे कॉलम नंतर संख्येत बदलावे लागतील. (विंडोजवरील एक्सेल 2019 आणि पुढे.)"

लांबी वाढली खरी, पण यातलं काही काढता येत नाही. शेवटचा कंस तर मुळीच नाही. 2013 आणि त्याआधीच्या एक्सेलमध्ये याच कामासाठी वेगळा इम्पोर्ट विझार्ड उघडतो. तिथे वरची वाक्यं शोधणारा माणूस हरवेल. चर्चेत दोन्ही व्हर्जनची उत्तरं एकमेकांत मिसळलेली असतात आणि प्रतिसादाची तारीख हाच ओळखण्याचा एकमेव धागा असतो. म्हणून मजकूर गोळा करताना तक्त्यात पाच रकाने ठेवाच: प्रतिसादाचा क्रमांक, तारीख, विचारणाऱ्याचं लक्षण, त्याची परिस्थिती आणि उत्तर चालल्याचा पुरावा. प्रश्न पानावर घेताना नमुन्यातले खरे फोन नंबर, नावं, खाते क्रमांक काढून बनावट घाला. लोक घाईत आपली खरी फाइलच चिकटवतात.

दुवे आणि घड्या

पान तयार झालं, की चर्चेत त्याच प्रश्नावर थेट दुवा देता यायला हवा. शीर्षकावरून आपोआप बनणाऱ्या दुव्याच्या खुणेवर, म्हणजे id वर, विसंबू नका. शीर्षकातला एक शब्द सुधारला की खूण बदलते आणि आधी दिलेले दुवे पानाच्या माथ्यावर जाऊन थांबतात. शिवाय देवनागरी खूण पाठवताना बऱ्याचदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. त्यापेक्षा छोटी रोमन खूण हाताने द्या आणि ती पुन्हा कधी बदलू नका:

```html
<h3 id="shunya-gele">मोबाइल क्रमांकाचं पुढचं शून्य का जातं?</h3>
```

एकाच पानावर तीच खूण दोनदा आली, तर ब्राउझर पहिल्या जागी नेतो. गट हलवताना प्रश्नाची प्रत मागे राहिली की हे होतं.

उत्तरं घडी घालून लपवण्याची पद्धत दिसायला नीटनेटकी असते, पण सात-आठ प्रश्नांसाठी तिची गरज नाही. बंद घडीतला मजकूर पानावर शोधताना सापडेलच, याची सगळ्या ब्राउझरमध्ये खात्री नसते. आणि `à¤®à¤°` चिकटवून शोधणारा माणूस नेमका त्याच मजकुरासाठी आलेला असतो.

31 विचारणांचे आपल्या उदाहरणात सात प्रश्न होतात. पान लागल्यावर पुन्हा कुणी विचारलंच, तर दुवा देऊन मोकळं होण्याआधी त्याचे शब्द पाहा. पानावर उत्तर असूनही त्याला सापडलं नसेल, तर त्याचं वाक्य त्या प्रश्नाच्या पहिल्या ओळीत जोडा. सापडूनही चाललं नसेल, तर त्याची परिस्थिती विचारा. आठवा प्रश्न बहुतेक तिथेच आहे.